आग लागली तेव्हा गंजी कोणाची होती?

लंडनच्या उत्तरेला इझलिंग्टन नावाचा भाग आहे. आज तिथे दाट वस्ती आहे, पण दोनशे वर्षांपूर्वी शेते होती आणि शेतांत गवताच्या गंज्या उभ्या असत. त्यांपैकी एका गंजीचा सौदा जानेवारीच्या ४ तारखेला १४५ पौंडांना ठरला. पैसे महिन्याभराने, ४ फेब्रुवारीला द्यायचे होते. गंजी मात्र १ मेपर्यंत विकणाऱ्याच्याच जागेवर राहणार होती, आणि पैसे चुकते होईपर्यंत घेणाऱ्याने त्यातली एक पेंढीही कापायची नव्हती. २० जानेवारीला गंजीला आग लागली आणि सगळ्या गवताची राख झाली.

पैसे दिले नव्हते, माल उचलला नव्हता आणि गवताला हात लावायलाही मनाई होती. गावच्या पारावर हा तंटा आला असता तर बहुतेकांनी नुकसान विकणाऱ्याच्या पदरात टाकले असते. पण १८२७ सालच्या ‘टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर’ या खटल्यात न्यायालयाने उलटा निवाडा दिला. सौदा एका ठरावीक गंजीचा होता. ती आहे त्या स्थितीत विकली गेली होती आणि तिच्यावर विकणाऱ्याने करायचे असे काहीच उरले नव्हते. त्यामुळे ४ जानेवारीलाच गंजी खरेदीदाराची झाली होती, आणि जळाली तीही त्याचीच.

भारतात आज हाच नियम चालतो. वस्तूंच्या विक्रीचे नियम आधी १८७२ च्या करार कायद्यातच होते. ते वेगळे काढून १९३० साली स्वतंत्र माल विक्री कायदा झाला आणि १ जुलै १९३० पासून तो लागू आहे. त्याचा साचा १८९३ च्या इंग्लिश कायद्यावरून घेतलेला असल्यामुळे गवताच्या गंजीसारखे जुने इंग्लिश खटले आपल्या न्यायालयांतही आधाराला येतात. या कायद्याचे २६ वे कलम सांगते की, वेगळे काही ठरले नसेल तर मालाची जोखीम मालकीबरोबर जाते, मग ताबा दिलेला असो वा नसो. पैसे दिले का आणि माल कुणाच्या गोदामात होता, हे दोन प्रश्न लोक आधी विचारतात. कायद्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. माल नासला त्या क्षणी मालक कोण होता, हे तो आधी विचारतो.

मालकी नेमकी कधी सरकते हे ठरवण्याचा अधिकार मुळात त्या दोघांचाच असतो. पण व्यवहार करताना माणसे दर बोलतात, वजन बोलतात, उधारीची मुदत बोलतात. ‘या घटकेपासून माल तुझा’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून दोघे गप्प राहिले असतील तर काय समजायचे, याचे अंदाज कायद्याने घालून दिले आहेत. ठरावीक वस्तू, देण्याजोग्या स्थितीत, कोणत्याही अटीविना विकली गेली असेल तर सौदा ठरताक्षणी मालकी जाते. गंजीचे झाले ते असे. विकणाऱ्याला त्या वस्तूवर आधी काही काम करायचे असेल तर ते काम होऊन खरेदीदाराला तशी खबर मिळेपर्यंत मालकी थांबते.

या दुसऱ्या नियमाचा फायदा इंग्लंडमध्ये एका अवजड यंत्राच्या खरेदीदाराला झाला. वाफेचे ते यंत्र तीस टनांहून जड होते आणि काँक्रीटच्या पायात बसवलेले होते. ते सोडवून रेल्वेवर चढवून देण्याचे काम विकणाऱ्याचे होते. चढवताना यंत्राचा भाग मोडला. खरेदीदाराने यंत्र घ्यायचे नाकारले आणि अपील न्यायालयाने १९२२ च्या सुमारास त्याची बाजू उचलून धरली. यंत्र जमिनीतून सुटून डब्यात ठेवले जाईपर्यंत ते देण्याजोगे झालेलेच नव्हते.

खरी मौज आहे ती मोजमापाच्या नियमात, आणि बाजारपेठेतल्या माणसाचा रोजचा संबंधही त्याच्याशीच येतो. माल ठरलेला आहे, तयार आहे, फक्त किंमत काढण्यासाठी विकणाऱ्याने तो तोलायचा, मोजायचा किंवा मापायचा आहे. अशा वेळी २२ व्या कलमाप्रमाणे ते काम होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते. यामागेही एक जुना खटला आहे. १८०९ साली बकऱ्याच्या कातड्यांचे गठ्ठे विकले गेले होते. दर डझनावर ठरला होता आणि प्रत्येक गठ्ठ्यात पाच डझन कातडी आहेत असे धरले होते. प्रथेप्रमाणे विकणाऱ्याने गठ्ठे सोडून कातडी मोजून द्यायची होती. मोजणी व्हायच्या आधीच आगीत सगळे गेले. मोजणी उरली होती, म्हणून नुकसान विकणाऱ्याचे ठरले.

त्याच वर्षी टर्पेंटाइनच्या पिंपांचा वाद आला आणि न्यायालयाने एकाच आगीचे दोन हिस्से केले. लिलावात पिंपे विकली गेली होती. शेवटची काही पिंपे वापरून बाकीची काठोकाठ भरून द्यायची, असे विकणाऱ्याने कबूल केले होते. भरण्याचे काम अर्धवट झाले असताना आग लागली. जी पिंपे भरून झाली होती ती खरेदीदाराची जळाली, जी भरायची होती ती विकणाऱ्याची. एकाच छपराखाली, एकाच आगीत, शेजारीशेजारी ठेवलेल्या पिंपांचे मालक वेगवेगळे निघाले.

पण तोलायचे काम खरेदीदाराने करायचे असेल तर? १८६३ च्या एका खटल्यात खास मातीचा ढीग विकला होता. दर टनावर होता आणि खरेदीदाराने माती उचलून नेताना स्वतःच्या खर्चाने वजन करायचे ठरले होते. वजन झालेले नसतानाही ढिगाची मालकी आधीच गेली होती, असे न्यायालय म्हणाले. २२ वे कलमही जाणूनबुजून फक्त विकणाऱ्याच्या कामाबद्दल बोलते. म्हणून ‘वजन झाले नव्हते’ एवढे सांगून भागत नाही. वजन कोणी करायचे होते, हे पाहावे लागते.

आता हाच नियम नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारात आणून पाहू. समजा, निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीस क्विंटल कांदा भरून बाजार समितीत आणला. सकाळच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीभोवती जमले, वरचा कांदा हातात घेऊन पाहिला आणि एकाने क्विंटलला १,८०० रुपये भाव बोलून माल घेतला. चिठ्ठी फाटली. शेतकऱ्याने ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्याकडे वळवली. तिथे काट्यावर वजन व्हायचे आणि त्यावरून हिशोबपट्टी निघायची होती. वाटेत अवकाळी पावसाने गाठले, ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि कांदा चिंब भिजला. अंदाजे ३६,००० रुपयांच्या या मालाचे नुकसान कोणी सोसायचे?

माल ठरावीक आहे. लिलाव त्या ट्रॉलीतल्या कांद्याचा झाला, ‘वीस क्विंटल कांदा कुठूनही’ असा नाही. माल देण्याजोगाही आहे. त्यामुळे सगळे काट्यावर येऊन थांबते. वजन करून देणे ही शेतकऱ्याची जबाबदारी होती असे बाजार समितीच्या उपविधीवरून किंवा रूढीवरून दिसले, तर मालकी अजून गेलेली नाही आणि भिजलेला कांदा शेतकऱ्याचा. व्यापाऱ्याने आपल्या खळ्यावर, आपल्या काट्यावर माल तोलून घ्यायचा होता असे दिसले, तर मातीच्या ढिगाचा न्याय लागू शकतो. मग बोली पक्की झाली तेव्हाच कांदा व्यापाऱ्याचा झाला. समितीचा परवानाधारक मापारी वजन करत असेल तर तो कोणाच्या वतीने तोलतो, यावरही युक्तिवाद होईल. शिवाय खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालचा माल हलका निघाला तर तो नाकारायची किंवा भाव उतरवायची मुभा व्यापाऱ्याला होती का, हेही पाहावे लागेल. तशी मुभा असेल तर मालकी आधीच गेली होती असे व्यापाऱ्याच्या विरोधात म्हणणे कठीण होते.

‘लिलाव झाला म्हणजे माल गेला’ ही समजूत मात्र बाजूला ठेवलेली बरी. हातोडा पडला किंवा बोली पक्की झाली की विक्रीचा करार पुरा होतो, असे कायद्याचे ६४ वे कलम म्हणते. कॉफी बोर्डाच्या लिलावांबाबत १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. हातोड्याने करार पुरा झाला तरी मालकी त्याच क्षणी सरकते असे नाही, ती लिलावाच्या अटी पाहून ठरते. त्या लिलावांत पूर्ण पैसे भरणे, वजन होणे आणि माल बाजूला काढणे या पायऱ्या उरलेल्या होत्या.

कांद्याची जोखीम शेतकऱ्याकडेच राहिली असे ठरले तर पुढे काय? ठरावीक माल, कोणाचीही चूक नसताना, जोखीम सरकण्याआधी नष्ट झाला तर ८ वे कलम करारच मोडीत काढते. व्यापाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत आणि शेतकऱ्याला दुसरा कांदा आणून देण्याची सक्ती होत नाही. दिलेला उचल किंवा विसार परत करावा लागतो. मात्र माल अगदी नाहीसाच व्हायला हवा असे नाही. सौद्यात त्याचे जे वर्णन होते त्याला तो उतरत नाही इतका बिघडला, तरी कलम लागू होते. वरचे दोन थर ओले झालेला, वाळवून विकता येणारा कांदा या व्याख्येत बसेल का, यावर दोन्ही बाजूंना बोलता येईल. कुजायला लागलेला कांदा बसेल, यात फारशी शंका नाही.

ठरावीक नसलेल्या मालाची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या साठ्यातून काही भाग विकला आणि तो भाग वेगळा काढलाच नाही, तर मालकी जाऊच शकत नाही, असे १८ वे कलम म्हणते. १९१७ च्या एका निकालातली मासळी याचे चांगले उदाहरण आहे. आयर्लंडच्या व्हॅलेन्शियाहून एका व्यापाऱ्याने मॅकरेलच्या १९० पेट्या रेल्वेने लंडनकडे पाठवल्या. त्या तीन खरेदीदारांच्या होत्या आणि एका खरेदीदाराच्या वाट्याला २० पेट्या होत्या. होलीहेडला पोचल्यावर रेल्वेच्या माणसांनी प्रत्येकाच्या पेट्या वेगळ्या करायच्या, अशी सूचना होती. गाडी होलीहेडच्या आधीच रखडली आणि मासळी खराब झाली. त्या क्षणी १९० पैकी कोणत्या २० पेट्या या खरेदीदाराच्या, हे कोणालाच दाखवता येत नव्हते. नुकसान पाठवणाऱ्याला सोसावे लागले. हापूसच्या मोसमात एका टेम्पोत तीन दलालांचा माल घालून पाठवणाऱ्याने पेट्यांवर नावे का लिहावीत, याचे उत्तर या मासळीत आहे.

महाराष्ट्राच्या मातीतलाही एक खटला याच वाटेने गेला, जरी तिथे भांडण विक्रीकराचे होते. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या व्यापाऱ्यांनी आगपेट्यांसाठी लागणारे सावरीचे ओंडके अंबरनाथच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीला पुरवले. ओंडके चांद्याला रेल्वेच्या वाघिणींत चढवले जात. कारखान्यात आल्यावर त्यांची मापे घेतली जात आणि न जमणारे नाकारले जात. विक्री चांद्याला झाली असेल तर तिथे कर लागणार, अंबरनाथला झाली असेल तर नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कारखान्यात तपासून, निवडून ओंडके स्वीकारले गेले तेव्हाच ते कंपनीचे झाले, म्हणजे विक्री अंबरनाथला झाली. व्यापाऱ्यांचा कर वाचला. पण याच उत्तराची दुसरी बाजूही आहे. वाटेत वाघिणीला आग लागली असती आणि जोखमीबद्दल वेगळे काही ठरलेले नसते, तर ते ओंडके व्यापाऱ्यांचेच जळाले असते.

मालकी आणि जोखीम एकत्र जातात या नियमाला दोन अपवाद कलमातच लिहिलेले आहेत. ज्याच्यामुळे ताबा रखडला, त्या उशिराने जे नुकसान झाले असण्याची शक्यता आहे ते त्याचे. १९४९ च्या एका इंग्लिश खटल्यात ३० टन सफरचंदाचा रस विकला गेला होता. विकणाऱ्याने फळे पिळून रस पिंपांत भरून ठेवला. खरेदीदाराने तो ठरल्याप्रमाणे दर आठवड्याला उचलायचा होता. त्याने उचल लांबवली आणि रस नासला. मालकी विकणाऱ्याकडे असूनही पैसे खरेदीदाराला द्यावे लागले. दुसरा अपवाद सांभाळण्याचा आहे. विकलेला माल ज्याच्याकडे पडून आहे, त्याने तो ठेवीसारखा जपलाच पाहिजे. निष्काळजीपणा केला तर मालकी दुसऱ्याची आहे असे सांगून त्याला सुटता येत नाही.

दुकानात खरेदी करणाऱ्या सर्वसाधारण ग्राहकाला हे नियम कसे लागतात? समजा, सांगलीतल्या एखाद्या दुकानात कोणी नमुन्याचा फ्रीज पाहिला, पैसे भरले आणि ‘उद्या घरी पोचवतो’ असे उत्तर ऐकून परतले. रात्री गोदामात पुराचे पाणी शिरले. ग्राहकासाठी विशिष्ट फ्रीज बाजूला काढलेलाच नव्हता, म्हणून नुकसान दुकानाचे. पण ‘हेच शिसवी कपाट हवे’ म्हणून ते निवडले, पैसे दिले आणि घर रंगवून होईपर्यंत तिथेच ठेवायला सांगितले, तर गोष्ट गवताच्या गंजीच्या जवळ जाते. दुकानदाराने हलगर्जी केली नसेल तर भिजलेले कपाट ग्राहकाचे ठरण्याचा धोका असतो. अशा किरकोळ खरेदीत मालकी पैसे देताना किंवा वस्तू हातात पडताना जायची होती असा अंदाज काढायला आजच्या काळात फार थोडे पुरे होते, असे न्यायमूर्ती डिप्लॉक यांनी १९६७ साली म्हटले होते. तरीही पूर्ण पैसे भरून दुकानात वस्तू ठेवणाऱ्याने ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी.

हे सगळे नियम ‘वेगळे ठरले नसेल तर’ या चार शब्दांच्या अधीन आहेत, आणि व्यापारात बहुतेक वेळा वेगळे ठरलेले असते. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘माल गोदामाबाहेर पडल्यावर आमची जबाबदारी नाही’ अशी ओळ बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मुंबईहून बेल्लारीला पाठवलेल्या मालाच्या एका खटल्यात अशी अट किती चालते ते दिसले. १९७० साली प्रसिद्ध झालेला तो निकाल म्हैसूर उच्च न्यायालयाचा होता. करारात दोन गोष्टी होत्या. पैसे मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याची राहणार होती, पण माल सार्वजनिक वाहतूकदाराकडे दिला की जोखीम घेणाऱ्याची होणार होती. वाहतूकदाराच्या गोदामात माल जळाला. कागदावर मालक विकणारा होता, तरी नुकसान बेल्लारीच्या खरेदीदाराचे ठरले. दोघांनी मिळून जोखमीला मालकीपासून तोडले होते आणि कायदा त्यांच्या आड आला नाही.

तेव्हा बाहेरगावाहून माल मागवणाऱ्याने ऑर्डर देतानाच तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. मालकी कधी येणार, वाटेतली जोखीम कोणाची आणि विमा कोण उतरवणार. एका ओळीच्या व्हॉट्सॲप संदेशातही हे होते, पण तो सौदा ठरण्याआधी जायला हवा. सौदा पुरा झाल्यावर आलेल्या बिलावर छापलेली अट आपण कधी मान्य केलीच नव्हती, असे म्हणता येते. मात्र त्याच माणसाकडून वर्षानुवर्षे तेच बिल निमूटपणे घेत आलेल्या दुकानदाराचे हे म्हणणे न्यायालयात टिकणे अवघड आहे. त्याने जुनी बिले आजच काढून त्यांची शेवटची ओळ वाचावी आणि ती मान्य नसेल तर पुढच्या ऑर्डरच्या आधी तसे लिहून कळवावे.